फुटबॉलमध्ये हाय प्रेस करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्याच हाफमध्ये दाबताना, नेमकं कधी तुटून पडायचं, हे संघ कसं ठरवतो?

"आम्ही डिचोलीतली पोरं ४-३-३ खेळतो. प्रेस करायचं ठरवतो, पण एकटा धावतो आणि बाकीचे बघत राहतात. इशारा कुठला धरायचा?"

सुरुवातीला एकच इशारा पक्का करा: त्यांच्या सेंटर बॅकने साइडलाइनजवळच्या फुल बॅकला दिलेला आडवा पास. तिथे लाइनच तुमच्या बाजूने एक जादा खेळाडू असते.

समजा, पास त्यांच्या राइट बॅककडे निघाला. तुमच्या लेफ्ट विंगरने चेंडू सेंटर बॅकच्या पायातून सुटताक्षणी निघायचं, पोहोचल्यावर नाही. २० मीटरचा पास पोहोचायला साधारण दीड-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात विंगर आठ-दहा मीटर कापतो. म्हणजे तो मुळात त्याहून लांब उभा असेल, तर जायचंच नाही. धाव सरळ नको. आतून बाहेर वळण घेत जायचं, म्हणजे मधल्या खेळाडूकडचा पास अंगामागे झाकला जातो. शेवटच्या दोन-तीन मीटरांत पावलं आखूड करायची, नाहीतर एका हुलकावणीत विंगर बाद.

विंगर निघाला की इतरांनी विचार करत बसायचं नाही. स्ट्रायकर सेंटर बॅककडचा परतीचा पास अडवतो, जवळचा मिडफिल्डर त्यांच्या होल्डिंग मिडफिल्डरला चिकटतो, लेफ्ट बॅक पुढे येऊन त्यांच्या विंगरला धरतो. पलीकडचा विंगर मध्ये सरकतो. त्यांचा लेफ्ट बॅक मोकळा राहतो, तो राहू दे; तिथवरचा उंच चेंडू हवेत असताना तुम्हाला सरकायला वेळ मिळतो.

तुमच्याकडे बिघडतं ते बहुधा मागच्या चौघांमुळे. तुमचे पुढचे खेळाडू वर गेले आणि बचावफळी आपल्या बॉक्सजवळच राहिली, तर मध्ये ३० मीटरचं मैदान पडतं आणि एका पासात सगळा प्रेस फुटतो. म्हणून निघायचं की नाही हे विंगरने मागे बघून ठरवू नये. पास होण्याआधीच सेंटर बॅकने फळी मध्यरेषेजवळ आणून "वर!" असं ओरडायचं. ती हाक आली नसेल, तर इशारा दिसला तरी जागा सोडायची नाही.

धावताना राइट बॅककडे बघा. तो स्वतःच्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेतोय, किंवा पहिल्या स्पर्शात चेंडू उडालाय, तर घुसा. अंग उघडं ठेवून त्याने चेंडू पुढे घेतला असेल, तर तीन-चार मीटरांवर थांबा, आतली वाट बंद ठेवा आणि सगळे एकत्र मागे या.

पावसाळ्यात आपल्याकडच्या मैदानांवर पाणी साचतं आणि आडवा पास वाटेतच अडकतो. तिथे हाच इशारा दुप्पट फायद्याचा. एप्रिल-मेच्या दमट उन्हात मात्र ९० मिनिटं असं खेळणं जमत नाही. दोन्ही हाफची पहिली दहा मिनिटं आणि त्यांच्या गोल किक एवढ्यापुरतंच ठेवा.