समाजशास्त्राची उजळणी : एका संकल्पनेला एक पान

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातून बी.ए.चे शिक्षण घेते आहे. समाजशास्त्राच्या पेपरला वीस दिवस उरले आहेत. वाचताना सगळे समजते. पण लिहायला बसले की विचारवंत आणि संकल्पना यांची सरमिसळ होते आणि उदाहरण आठवत नाही. भराभर आठवण्यासाठी टिपणे कशी काढू?

उत्तर : बहुतेक विद्यार्थी विचारवंताच्या नावाने पान काढतात. त्यामुळे एम. एन. श्रीनिवास यांच्या पानावर संस्कृतीकरण, पाश्चिमात्यीकरण आणि प्रभुत्वशाली जात या तिन्ही गोष्टी दाटीने बसतात आणि परीक्षेत त्यांचा गुंता होतो. तू संकल्पनेच्या नावाने पान काढ. वहीच्या अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा घेऊ नकोस आणि पारिभाषिक शब्द ज्या भाषेत पेपर लिहिणार आहेस, त्याच भाषेत लिही. सविस्तर स्पष्टीकरण मराठीत असले तरी चालेल.

संस्कृतीकरणाचे पान करून पाहू. पानाच्या डोक्यावर नाव न लिहिता प्रश्न लिही : ‘एखादी जात वरच्या जातीचे आचार का स्वीकारते आणि त्याने नेमके काय बदलते?’ मागच्या बाजूला पहिल्या वाक्यात व्याख्या असावी : जातिव्यवस्थेत खालचे स्थान असलेला गट वरच्या जातीच्या चालीरीती, विधी आणि जीवनपद्धती स्वीकारून अधिक वरच्या स्थानाचा दावा करतो, ती प्रक्रिया. त्याखाली श्रीनिवास यांचे नाव, कूर्ग समाजावरील त्यांचा ग्रंथ आणि 1952 हे वर्ष.

त्यानंतर प्रक्रियेचा क्रम येतो आणि गुण खरे तर येथेच मिळतात. बऱ्याचदा हाती थोडे आर्थिक किंवा राजकीय बळ येते, मग मांसाहार आणि मद्य सोडणे किंवा नवे विधी स्वीकारणे असे बदल होतात, आणि एक-दोन पिढ्यांनी तो दावा शेजारच्या जाती मान्य करतात किंवा नाकारतात. ‘वरच्या जातीत जाणे’ एवढेच लिहिले, तर उत्तर चुकते, कारण जात बदलत नाही, तिचे स्थान बदलू शकते आणि व्यवस्था तशीच राहते. हीच संकल्पनेची मर्यादा म्हणून शेवटच्या ओळीत लिही. तिला दुसरा आक्षेपही जोड : अशा बदलात स्त्रियांवरील बंधने अनेकदा वाढतात आणि वरच्या जातीचे आचार श्रेष्ठ आहेत, हे गृहीत धरले जाते.

उदाहरणाबाबत विशेष काळजी घे. निपाणीकडच्या एखाद्या कुटुंबाने तंबाखूच्या पैशावर मुलांना इंग्रजी शाळेत घातले, पेहराव आणि राहणीमान बदलले, तर ते पाश्चिमात्यीकरणाकडे झुकणारे उदाहरण आहे, संस्कृतीकरणाचे नव्हे. दोन्हींत आकांक्षा असते, म्हणून गल्लत होते. ओळखण्याची खूण अशी की, अनुकरण कोणाचे होते आहे आणि बदल एका कुटुंबाचा आहे की संपूर्ण जातगटाचा, हे विचारायचे. प्रभुत्वशाली जातीच्या पानावर मात्र म्हैसूरजवळच्या रामपुरा गावातील ओक्कलिगांचे श्रीनिवास यांनी दिलेले उदाहरण आधी लिही. नंतर स्वतःच्या गावात जमीन कोणाकडे, घरे कोणाची जास्त आणि ग्रामपंचायतीत कोण, हे तपासून एक वाक्य जोड. ऐकीव माहितीवर गावच्या जातींविषयी विधान करू नये.

आता वीस दिवसांची आखणी. पहिले आठ दिवस रोज दोन पाने तयार कर. सोळा संकल्पना पुरेशा आहेत, कोणत्या घ्यायच्या ते मागील प्रश्नपत्रिका सांगतील. ज्या दिवशी पान केले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने प्रश्न पाहून मागची बाजू कोऱ्या कागदावर लिही. निव्वळ वाचून ‘हे येते’ असे वाटते, पण ती फक्त ओळख असते. लिहिल्यावर लाल पेनाने गाळलेले भाग भर. व्याख्या येते पण क्रम गळतो, असे दोनदा झाले, तर पुस्तकातील तो भाग पुन्हा वाचायला हवा. पान जास्त वेळा पाहून तो दोष जाणार नाही.

नवव्या दिवसापासून पाने पत्त्यांसारखी पिसून घे. एकाच घटकातील पाने ओळीने घेतली, तर आधीचे पान पुढच्याचे उत्तर सुचवते आणि सरमिसळ लपून राहते. जी दोन पाने सतत एकमेकांच्या जागी येतात, त्यांच्यासाठी एक वेगळे तुलनापान कर. त्यावर फक्त फरक लिही.

शेवटचे पाच दिवस पूर्ण उत्तरांचे ठेव. रोज एक प्रश्न घेऊन, पाने बंद करून, वेळ लावून लिही. त्या दिवसांत नवे पान काढू नकोस. पेपरच्या दिवशी प्रश्न वाचताच उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्चे काम म्हणून व्याख्या, नाव, क्रम, उदाहरण, मर्यादा हे पाच शब्द लिहून प्रत्येकासमोर एकेक आठवण टाक आणि मगच उत्तर सुरू कर.