डोळे मिटलेला फोटोच ठेवावा असे मी का म्हणते
प्रश्न: लग्नातल्या ग्रुप फोटोंपैकी अल्बमसाठी एकच निवडायचा आहे. सगळ्यांचे डोळे उघडे आहेत एवढे पाहिले की पुरे का?

मुळीच पुरे नाही. आमच्या घरात याच मुद्द्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या चुलत बहिणीचे लग्न म्हार्दोळला झाले. देवळाच्या आवारात दोन्हीकडच्या पंधरा माणसांचे फोटो काढले आणि शेवटी निवडीसाठी दोन उरले. पहिल्यात सर्वांचे डोळे उघडे होते. पण मामा बाजूला कोणीतरी धरलेल्या मोबाईलकडे पाहत होते, त्यामुळे ते व्याह्यांवर रुसल्यासारखे दिसत होते. वरमाई आणि वधू यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी फट होती आणि मागच्या रांगेतला काका दिसावे म्हणून मान पुढे काढून उभा होता. दुसऱ्यात खांद्याला खांदा होता, मागचे चेहरे पुढच्यांच्या खांद्यांमधल्या जागेत नीट बसले होते, सगळ्यांची नजर एकाच कॅमेऱ्याकडे होती. फक्त आत्येचे डोळे मिटलेले होते. भावाने पहिला छापून घेतला. आज तो अल्बम उघडणारा प्रत्येक जण विचारतो, की मामा का रागावले होते?

मिटलेले डोळे हा सर्वांत सहज दुरुस्त होणारा दोष आहे. कॅमेरा आणि माणसे न हलवता लागोपाठ काढलेल्या फोटोंपैकी एकातले उघडे डोळे दुसऱ्यात बसवता येतात, मात्र मानेचा कल आणि उजेड सारखाच हवा. मधली फट बुजवायची तर अख्खी माणसे कापून सरकवावी लागतात आणि हात, पदर, सावल्या जुळता जुळत नाहीत. म्हणून फोटो आधी लहान करून पाहावा, म्हणजे फटी आणि वाकलेली अंगे लगेच कळतात. मग मोठा करून एकेका रांगेतले चेहरे क्रमाने तपासावेत. अर्धवट मिटलेली पापणी मात्र पूर्ण मिटलेल्यापेक्षा वाईट, कारण माणूस झिंगलेला वाटतो.

फोटो काढतानाच काळजी घ्यायची असेल, तर निदान एका फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे यावेत म्हणून किती फोटो काढावेत, याचा पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलेला हिशेब उपयोगी आहे. त्यासाठी त्यांना २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असल्यास चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागावे, तेवढे फोटो काढावेत. पंधरा जणांसाठी पाच पुरले असते. आमच्या फोटोग्राफरने तीनच काढले.

एक सांगायचे राहिले. हसताना बारीक झालेले डोळे मिटलेले समजू नयेत. त्यात गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, तर पापणी मिटताना गाल जागचे हलत नाहीत. शिवाय भर दुपारच्या उन्हात समोरून उजेड येत असेल, तर प्रत्येक फोटोत डोळे किलकिलेच येतात. तेव्हा उघडे डोळे आणायचे कुठून? अशा वेळी सावलीतला फोटो निवडावा, मग त्यात मागे देऊळ नसले तरी चालेल.