ड्रायव्हर प्रोफाइल सेव्ह करूनही सीट भलत्याचीच का लागते?

प्रश्न: फोंड्याला राहतो. नवी गाडी मी, मिस्टर आणि सासरे असे तिघं चालवतो. तिघांची प्रोफाइलं सेव्ह केलीत, तरी मिस्टर बसले की कधी कधी माझीच सीट लागते. असं का? आणि आरसे, एसी, गाणी हेसुद्धा आपोआप लागायला काय करायचं?

उत्तर: बहुतेक गाड्या माणसाला ओळखत नाहीत, चावीला ओळखतात. तुमची चावी तुमच्या पर्समध्ये, मिस्टरांची त्यांच्या खिशात, आणि दोघं मिळून पणजीला निघालात. हँडलला हात लावून दार उघडलं की गाडीला दोन्ही चाव्या जवळ सापडतात आणि ती त्यातली एक धरते. आमच्याकडेही हाच घोळ व्हायचा. आता जो चालवणार तो स्वतःच्या रिमोटचं बटण दाबून गाडी उघडतो. चाव्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून एकीला लाल दोरा बांधलाय. तो नसता तर रोज सकाळी अदलाबदल ठरलेलीच.

सासऱ्यांसाठी तिसरी चावी बहुधा नसेलच. त्यांनी गाडी सुरू करण्याआधी दारावरचं किंवा सीटजवळचं ३ नंबरचं बटण दाबावं. दोनच नंबर असतील तर स्क्रीनवर प्रोफाइल निवडून सीट हातानं लावावी लागेल.

सेव्ह करताना क्रम पाळा. गाडी उभी, गिअर पार्कमध्ये. आधी सीट लावा, कारण सीट हलली की आरशातलं दृश्यही बदलतं. मग बाहेरचे आरसे लावून SET आणि लगेच आपला नंबर दाबा. बीप ऐकू आली म्हणजे झालं. पण हे फक्त सीटचं. ती चावीशी जोडायची पायरी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते आणि ती राहिली की सीट आपोआप हलत नाही. मॅन्युअलमध्ये 'मेमरी सीट'च्या पानावर ती दिलेली असते. आतला आरसा बहुधा हातानंच फिरवायचा असतो, तो कुठल्याच प्रोफाइलमध्ये जात नाही. बाहेरचे आरसे मोटरवर चालत असले तरी मेमरी प्रत्येक मॉडेलमध्ये असेलच असं नाही.

रेडिओ, ब्लूटूथ आणि नकाशातले पत्ते स्क्रीनवरच्या प्रोफाइलमध्ये राहतात. काही गाड्यांत हे आणि सीटची मेमरी अजिबात जोडलेले नसतात. तपासायचं असेल तर स्क्रीनवर प्रोफाइल बदलून बघा. नाव बदललं आणि सीट जागची हलली नाही, तर दोन्ही वेगळे.

एसीचं तापमान प्रोफाइलमध्ये जातं, पण ऑटो एसी असेल तरच. गोलाकार नॉबच्या साध्या एसीचं काही साठत नाही. आणि आपल्याकडे मेमध्ये १८ अंशांवर सेव्ह केलेलं जूनमध्ये बदलाच. हवा पुढच्या काचेवर सोडलेली असेल तर पावसात ती काच गार पडून बाहेरून धुरकट होते. वायपर फिरवून तेवढ्यापुरती साफ होते, म्हणजे आतली नव्हे, बाहेरचीच वाफ. अशा वेळी हवेचा रोख काचेवरून काढा, तापमान २४-२५ करा आणि प्रोफाइल पुन्हा सेव्ह करा.