गोळीमुळे वीर्य कमी होणं

प्रश्न: वय ५६, इंदूर. प्रोस्टेटसाठी सिलोडोसिन ८ एमजी सुरू केल्यापासून शेवटी वीर्य जवळजवळ येतच नाही. काही बिघडलंय का?

उत्तर: नाही काका, हा त्या गोळीचाच परिणाम आहे आणि शरीराला यातनं काही अपाय नाही. इथेच राजवाड्याजवळ मेडिकलवर बसतो, हा प्रश्न लोक अगदी हळू आवाजात विचारतात. लघवी मोकळी व्हावी म्हणून गोळी मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करते, पण वीर्य सुटण्याच्या क्षणी तोच स्नायू आवळून वीर्य पुढे ढकलायला मदत करतो, तो सैल राहिला की वीर्य मागे मूत्राशयात जातं, नाहीतर गोळीमुळे आतनंच कमी सुटतं. मागे गेलं असेल तर नंतरची पहिली लघवी गढूळ दिसते. ताठरता आणि आनंद सहसा तसाच राहतो. सिलोडोसिनने हे जास्त होतं, टॅम्सुलोसिनने कमी, अल्फुझोसिनने फारच क्वचित, गोळी थांबली की बहुतेकांचं काही दिवसांत पूर्ववत होतं. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर मात्र हे बहुधा कायमचं असतं. फक्त स्वतःहून गोळी बंद करू नका, लघवी अडकू शकते. मूल हवं असेल, किंवा रक्त दिसलं, दुखलं तर युरॉलॉजिस्टना लगेच सांगा.