विक्रीचा अंदाज: आल्फा किती ठेवायचा हे मागच्या चुकांना विचारा

प्रश्न: इडली-डोशाच्या तयार पिठाची एक किलोची पाकिटं आम्ही विकतो. गेल्या १२ आठवड्यांची विक्री अशी: ८४, ९०, ७८, ८८, ८०, ९४, १००, ९२, १०४, ९६, १०६, ९८. मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढून मी पुढच्या आठवड्याचा अंदाज धरतो. पण तो बहुतेक वेळा कमीच निघतो आणि ऐनवेळी जादा पीठ वाटून घ्यावं लागतं. हिशेब कुठे चुकतोय?

बेरीज-भागाकार बरोबर आहे. चुकतंय ते सरासरीचं वय. आठवडा १ ते ४ ची सरासरी ८५ येते, पण ती खरी कुठली? त्या चार आठवड्यांच्या मधली, म्हणजे 'अडीचाव्या' आठवड्याची. तुम्ही ती पाचव्या आठवड्याला लावता. म्हणजे तुमचा अंदाज कायम अडीच आठवडे जुना असतो.

विक्री एका पातळीवर स्थिर असती तर या जुनेपणाचं काही बिघडलं नसतं. तुमची विक्री चढते आहे. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी ८५, शेवटच्या चारांची १०१. मधलं अंतर आठ आठवड्यांचं, म्हणून चढ आठवड्याला साधारण दोन पाकिटांचा. अडीच आठवडे गुणिले दोन पाकिटं, म्हणजे तुम्ही सरासरी पाच पाकिटं मागे राहणार.

पडताळून पाहा. विक्रीतून अंदाज वजा केला की पाचव्या आठवड्यापासूनच्या चुका अशा येतात: −५, +१०, +१५, +१.५, +१२.५, −१.५, +८, −१.५. चिन्हांसकट सरासरी +४.९. जवळजवळ पाचच.

दोन आठवड्यांची सरासरी घेतलीत तर मागे राहणं तीन पाकिटांवर येईल. मात्र मग एखाद्या आठवड्यात पाहुण्यांमुळे कुणी दहा पाकिटं नेली, तरी पुढचा अंदाज पाचाने फुगेल. हा सौदा कुठल्याच सरासरीत टळत नाही.

प्रश्न: एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगमध्ये आल्फा ०.२ की ०.३ ठेवायचा, याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देतो. आपल्या आकड्यांवरून तो ठरवायचा कसा?

वरच्याच पिठाच्या आकड्यांवर करून पाहू. नियम एका ओळीचा आहे: नवा अंदाज = जुना अंदाज + आल्फा × जुन्या अंदाजाची चूक. आल्फा ०.४ असेल तर ताज्या आठवड्याला ४० टक्के वजन, त्याआधीच्याला २४, त्याआधीच्याला १४.४, असं ते उतरत जातं. सरकत्या सरासरीत चार आठवडे जुना आकडा एका दिवसात पूर्ण वजनावरून शून्यावर येतो. इथे तो हळूहळू विरतो. दोन्ही पद्धतींतलं नातं `2/(N+1)` असं आहे, म्हणून चार आठवड्यांच्या सरासरीचा जोडीदार आल्फा ०.४.

शीटमध्ये विक्री `B2` ते `B13` मध्ये आणि आल्फा `F1` मध्ये ठेवा. पहिले चार आठवडे फक्त सुरुवातीचा अंदाज काढायला वापरायचे, त्यांच्यावर चूक मोजायची नाही.

```
C6:  =AVERAGE(B2:B5)
C7:  =C6+$F$1*(B6-C6)      खाली C14 पर्यंत
D6:  =B6-C6                खाली D13 पर्यंत
G1:  =SUMPRODUCT(ABS(D6:D13))/8
G2:  =SUMSQ(D6:D13)/8
G3:  =AVERAGE(D6:D13)
```

`C14` हा तेराव्या आठवड्याचा अंदाज. आता `F1` बदलत जा आणि `G` मधले आकडे उतरवून घ्या:

| आल्फा | चिन्ह सोडून सरासरी चूक | चुकांच्या वर्गांची सरासरी | चिन्हासकट सरासरी |
|---|---|---|---|
| ०.१ | १०.१ | १२२.९ | +८.८ |
| ०.३ | ६.९ | ७४.९ | +५.६ |
| ०.४ | ६.७ | ६७.२ | +४.५ |
| ०.५ | ७.० | ६४.४ | +३.७ |
| ०.८ | ८.१ | ७१.७ | +२.२ |

पहिला रकाना ०.४ सुचवतो, दुसरा ०.५. कारण वर्ग केल्यावर मोठी चूक फार जड होते: १२ पाकिटांची एक चूक सहा-सहाच्या दोन चुकांच्या दुप्पट भरते. मोठी चूक खरोखर महाग पडत असेल, म्हणजे गिऱ्हाईक परत जात असेल किंवा पीठ आंबून टाकावं लागत असेल, तर वर्गांचा रकाना धरा. चुकलेलं प्रत्येक पाकीट सारख्याच किमतीचं असेल तर पहिला.

पण त्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची गोष्ट तळ किती सपाट आहे ही. ०.३ पासून ०.५ पर्यंत सरासरी चूक ६.७ ते ७.० एवढीच हलते. आठ चुकांवरून ०.४ आणि ०.४३ मध्ये भेद करायला सॉल्व्हर लावणं म्हणजे किराण्याच्या काट्यावर सोनं तोलणं. या मालाला ०.४ ठेवा आणि पुढे जा. ०.१ मात्र नक्की बाद.

एक गोष्ट नजरेआड करू नका: सातव्या, नवव्या, अकराव्या आठवड्याला चूक मोठी आणि अधिक, तर आठव्या, दहाव्या, बाराव्याला किरकोळ. एखादं मोठं गिऱ्हाईक आठवड्याआड माल नेत असेल तर असं दिसतं. तीनच फेऱ्यांवरून खात्री देता येत नाही, पण बिलं उघडून बघायला दहा मिनिटं पुरतात, आणि तसं निघालं तर कुठल्याही आल्फापेक्षा ती माहिती जास्त कामाची.

प्रश्न: मी हीच तपासणी केली तर सगळ्यात चांगला आल्फा १ आला आणि चूक जवळजवळ शून्य! आणि एक्सेलच्या तयार साधनात ०.२ भरलं तर अंदाज अगदी उड्या मारतो. माझं एक्सेल बिघडलंय का?

दोन वेगळे घोटाळे आहेत. जवळजवळ शून्य चूक म्हणजे अंदाजाने उत्तरपत्रिका आधीच पाहिली. तुमच्या `C7` मध्ये `B6` ऐवजी `B7` लिहिलं गेलं असणार, म्हणजे सातव्या ओळीचा अंदाज करताना सातव्या ओळीचीच विक्री वापरली. आल्फा १ केला की अंदाज विक्रीची हुबेहूब नक्कल होतो. आलेखावर जोडलेली मूव्हिंग अॅव्हरेजची ट्रेंडलाइनही त्या-त्या आठवड्याची विक्री धरूनच काढलेली असते. ती डोळ्यांना चांगली दिसते, पण चूक मोजायला तिला एक घर पुढे सरकवावं लागतं.

दुसरा घोटाळा नावाचा. `Data Analysis` मधलं `Exponential Smoothing` हे साधन आल्फा मागत नाही, `Damping factor` मागतं, आणि तो म्हणजे १ वजा आल्फा. तुम्ही ०.२ भरलंत, त्याने आल्फा ०.८ धरला. ०.८ भरा.

प्रश्न: आल्फा नीट निवडूनही अंदाज खालीच राहतो. आणखी वाढवू का?

वाढवू नका. वरच्या तक्त्यातला शेवटचा रकाना पुन्हा बघा: एकही आल्फा त्याला शून्यावर आणत नाही. चढत्या विक्रीत साध्या स्मूदिंगचा अंदाज 'आठवड्याचा चढ भागिले आल्फा' एवढा मागे राहतो. दोन पाकिटांचा चढ आणि आल्फा ०.५ असेल तर चार पाकिटं, तक्त्यात ३.७ आहे. आल्फा वाढवून हे अंतर कमी होतं खरं, पण ०.८ ला सरासरी चूक ८.१ वर गेली, ती किंमत आपण मोजतोच आहोत.

खूण अशी: चिन्हासकट चुकांची बेरीज करा आणि तिला चिन्ह सोडून काढलेल्या सरासरी चुकेने भागा. उत्तर ±४ च्या बाहेर गेलं तर चुका एकतर्फी समजायच्या, अशी चालीतली मर्यादा आहे. ०.४ ला बेरीज ३६, सरासरी ६.७, उत्तर ५.४. म्हणजे दोष आल्फाचा नाही, चढासाठी जागाच नाही हा दोष.

ती जागा चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी लिहिलेल्या अहवालात करून दिली. पातळीसोबत चढाचाही एक आकडा सांभाळायचा. पुढचा अंदाज = पातळी + चढ. विक्री कळली की पातळी = अंदाज + आल्फा × चूक, आणि चढ = जुना चढ + आल्फा × बीटा × चूक.

पिठाच्या आकड्यांना आल्फा ०.३, बीटा ०.२, सुरुवातीची पातळी ८५ आणि चढ शून्य धरून चालवलं, तर सरासरी चूक ६.८ येते. म्हणजे ०.४ च्या साध्या स्मूदिंगहून तसूभरही चांगली नाही, आणि याने निराश होऊन लोक पद्धत सोडतात. पण शेवटच्या चार आठवड्यांच्या चुका चिन्हासकट पाहा: ०.३ च्या साध्या स्मूदिंगमध्ये सरासरी +६.१, होल्टमध्ये +२.६. तोवर चढाचा आकडा शून्यावरून १.८ वर पोचलेला असतो. तेराव्या आठवड्यासाठी साधी पद्धत ९८ सांगते, होल्टची १०३. सुरुवातीचे आठवडे तिचे शिकण्यात जातात, म्हणून तिची परीक्षा पूर्ण सरासरीवर घेऊ नका.

बीटा लहानच ठेवा. मोठा ठेवला की दोन चांगल्या आठवड्यांनाच ती कायमचा चढ समजते. आणि हा चढ दोन-तीन आठवड्यांपलीकडे ओढू नका.

प्रश्न: फराळाची विक्री दिवाळीच्या आठवड्यात चौपट होते. तो आकडा ठेवायचा की काढायचा? आणि दुकान बंद होतं त्या आठवड्याचा शून्य?

दोन्ही या हिशेबाबाहेर ठेवा. समजा एरवी १०० पाकिटं जातात आणि त्या आठवड्यात ४०० गेली. आल्फा ०.४ असेल तर पुढचा अंदाज २२०, मग १७२, मग १४३, मग १२६. दिवाळी संपून महिना झाला तरी शेव पडून राहील. आल्फा निवडतानाही त्या एका ३०० च्या चुकेचा वर्ग ९०,००० भरतो, बाकी सगळ्या चुका त्यात बुडतात. उधाणानंतरचे फुगलेले अंदाज टाळण्यासाठी गणित मग आल्फा विनाकारण खाली ढकलतं. एखादा माल ०.०५ आल्फा मागत असेल तर आधी यादीत असा एखादा आठवडा शोधा.

त्या आठवड्याला अंदाज बदलायचाच नाही: आधीचा अंदाज जसाच्या तसा पुढे न्यायचा आणि चूक मोजायची नाही. बंद दुकानाच्या शून्यालाही हेच. माल गुरुवारीच संपला असेल तर नोंदलेली विक्री ही मागणी नव्हेच. ती धरलीत तर पुढचा अंदाज कमी येतो, माल पुन्हा लवकर संपतो आणि आकडा आणखी खाली जातो.

दिवाळीचा अंदाज वेगळा काढा, आणि तो इंग्रजी महिन्याने नको. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. 'ऑक्टोबरची विक्री' या तीन वर्षांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्ष्मीपूजनाच्या आधीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा असे रकाने पाडा आणि प्रत्येकात त्या वर्षीच्या साध्या अंदाजाच्या किती पट विक्री झाली ते लिहा. यंदाचा साधा अंदाज त्या पटीने गुणायचा.