झोळी आजीची, रात्र आईची

ताई, माझं बाळ चार महिन्यांचं आहे, पहिलंच. सासूबाई दिवसातून दोनदा मोहरीचं तेल जोरजोरात चोळतात, मग धुरी देतात आणि झोळीत टाकून जोरात झोके देतात. झोळीतून काढलं की ते रडतं. रात्री पाच-पाच वेळा उठतं. आशाताई म्हणतात झोळी बंद करा. सासूबाई म्हणतात, "आमी चार लेकरं झोयीतच वाढवले, तुले काय समजते?" आता त्या म्हणतात दूध पुरत नाही, जायफळ उगाळून चाटव. हे कापसाच्या वेचणीत असतात, रात्री थकून येतात. घरात भांडण नको आहे. काय करू?
— एक सून, आर्णी तालुका

मालीश चालू ठेवा, झोळीची वेळ बदला आणि नाही फक्त जायफळाला आणि धुरीला म्हणा. सगळ्यालाच नाही म्हटलं तर सासूबाईंना वाटणार, आपण वाढवलेल्या चार लेकरांचं काही मोलच नाही. मग त्या एकही गोष्ट ऐकणार नाहीत.

जायफळाचं आधी सांगते, कारण तिथे मधला मार्ग नाही. त्यातल्या मिरिस्टिसिन नावाच्या द्रव्यानं सुस्ती येते, आणि सहाणेवर किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. सुस्त बाळ दूध कमी ओढतं आणि घरच्यांना वाटतं, लेकरू छान झोपलं. शिवाय सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय वरचं काहीच द्यायचं नसतं, बाळघुटीसुद्धा नाही. आधी कधी चाटवलं असेल आणि बाळ हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा दूध ओढत नसेल, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या किंवा 108 ला फोन करा.

हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, त्यांच्या लेकानं सांगावं. रात्री बाळ रडत असताना नको. सकाळी चहा घेताना, एकाच वाक्यात: "माय, जायफळ देऊ नको, दवाखान्यात नाही म्हणतात." "तू चुकलीस" हा सूर नको. दूध पुरत नाही या शंकेचं उत्तर वादात मिळणार नाही, काट्यावर मिळेल. अंगणवाडीत वजन करायला सासूबाईंनाच सोबत न्या आणि कार्डावरची रेघ त्यांना दाखवायला सांगा. साधारण पाचव्या महिन्यापर्यंत वजन जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि रेघ वर जात असेल, तर दूध पुरतं आहे. चार महिन्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा दुधासाठी उठणारच, ते भुकेचं उठणं आहे. तुम्हाला कमी करायचं आहे ते त्यावरचं उठणं.

ते झोक्यामुळे वाढतं. या वयात झोपेचा एक फेरा साधारण 45-50 मिनिटांचा असतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं. झोक्यातच डोळा लागला असेल तर त्या क्षणी त्याला पुन्हा झोकाच हवा असतो. म्हणून झोके एकदम तोडायचे नाहीत, हळूहळू कमी करायचे. सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा, कारण तेव्हा बाळ सहज झोपतं. दिवसाच्या झोपा सध्या सासूबाईंकडेच राहू द्या, पण तेव्हाही डोळा लागला की बाळ झोळीतून बाहेर.

समजा, आज डोळा लागायला दहा मिनिटं झोके लागतात. तर दोन-तीन दिवस सात मिनिटं झुलवा आणि मग झोळी नुसती धरून थांबा, थोपटत राहा. पुढचे दोन-तीन दिवस पाच, मग दोन. ज्या दिवशी पापण्या जड झाल्यावर झोका थांबला आणि तरी बाळ झोपलं, त्या दिवशी काम झालं. एखाद्या रात्री जमलं नाही तर मागच्या पायरीवर या. बाळाला रडवत ठेवायचं हे वय नाही.

उचलून ठेवताना घाई होते म्हणून बाळ जागं होतं. डोळा लागल्यावर साधारण 15-20 मिनिटं झोप कच्ची असते. बाळाचा हात मनगटाशी धरून अलगद उचला आणि सोडा. तो सैल पडला तर झोप पक्की. मग एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून बाळाला छातीशी धरा. गोधडीवर आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. लगेच हात काढू नका, बाळाच्या छातीवर दोन मिनिटं ठेवा. ठेवायचं ते पाठीवर, सपाट जागी. कापसाची जाड, मऊ गादी नको. तळवा दाबून उचलल्यावर खड्डा राहिला तर ती जागा मऊ आहे. राईची उशी आणि तोंडाजवळ कपड्यांची बोचकी नकोत. घरात सपाट तळाचा लाकडी पाळणा असेल तर तो झोळीपेक्षा बरा, फक्त दोन पट्ट्यांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको.

आशाताई झोळीला नाही म्हणतात, कारण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि बारीक श्वासनलिका दबू शकते. लुगड्याचा पदर तोंडावरही येतो. म्हणून झोळी फक्त जागेपणी, खेळवायला किंवा डोळा लागेपर्यंत, कुणीतरी समोर असताना, आणि हलक्या हाताने. बाळ झोपलं की बाहेर. बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी उतरवायची, हे सासूबाईंशी आजच बोलून ठेवा. तो दिवस आता फार लांब नाही.

मालीश मात्र पूर्णपणे त्यांच्याकडेच द्या, त्यांचा हात तिथे कामाचा आहे. मोहरीच्या तेलानं बाळाच्या कातडीचा वरचा थर बिघडतो, पुरळ येऊ शकतं, म्हणून खोबऱ्याचं तेल आणून ठेवा. एक-दोन चमचे पुरतात. दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं, तळव्यानं. दाब इतकाच की कातडी लाल होऊ नये आणि बाळ रडू नये. रडणारं बाळ थकून झोपतं, त्यालाच मोठी माणसं "मालीशीनं झोप लागली" म्हणतात. नाका-कानात तेल सोडायचं नाही, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाचे स्तन पिळायचे नाहीत, हातपाय ओढून आवळायचे नाहीत. धुरी आणि बंद खोलीतली शेगडी दोन्ही बंद. धुराने बाळाचं नाक चोंदतं आणि ते रात्री आणखी उठतं. थंडीसाठी टोपडं, पायमोजे आणि कोवळं ऊन पुरे, पण झोपवताना टोपडं काढा.

हे सांगायला वाट वेगळी धरा. "आई, पायाची मालीश तुम्ही कशी करता ते मला दाखवा" म्हणून शेजारी बसा आणि तेलाची वाटी तुम्हीच भरून द्या. वाटीत काय आणि किती, ते मग तुमच्या हातात राहतं. पुढच्या वेळी आशाताई येणार असतील तेव्हा त्यांना आधीच सांगा की सासूबाई घरी असतानाच या, आणि पहिलं वाक्य मालीशीच्या कौतुकाचं असू द्या. झोळीचं त्यानंतर.