व्हेंडरला तगादा लावताना

"कितीदा सांगायचं? माल कधी पाठवताय?" या तुझ्या मेलला एकच उत्तर येणार: "दोन दिवसांत पाठवतो, साहेब." मेलमधला राग काढून टाक, तपशील घाल:

"पीओ क्र. 412 मधील 200 फ्लँज 10 तारखेला अपेक्षित होते, 80 मिळाले. उरलेल्या 120 ची सुधारित डिलिव्हरी तारीख कृपया उद्या दुपारी 4 पर्यंत कळवावी. 18 तारखेपासून आमची असेंब्ली थांबेल."

नवखे बहुधा "लवकरात लवकर" लिहितात, म्हणजे तारीख मागतच नाहीत. काही जण पहिल्याच मेलमध्ये दंडाची धमकी देतात. ते कलम पीओत आहे का, हे तरी आधी बघ. आणि नवी तारीख आली की नुसतं "ओके" पाठवू नकोस. "नोंद घेतली, पीओतील मूळ तारीख व अटी कायम आहेत" असं लिही, नाहीतर मुदतवाढ तूच दिलीस असं व्हेंडर पुढे म्हणेल.